वाटीच्या आत काय दडलंय: हुकाला पंखा टांगताना

आमच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या उन्हाळ्यात बोलावलं, कारण बेडरूमचा पंखा "टक टक" वाजत होता. पंखा जुना, नवा आणूनच ठेवलेला, फक्त लावायचा होता. शिडीवर चढून वरची वाटी (पुस्तकी भाषेत कॅनोपी) सैल करून खाली ओढली, तेव्हा आवाजाचं कारण दिसलं. हुकावरच्या बोल्टाला कॉटर पिनच नव्हती. तिच्या जागी कोणीतरी साधा खिळा घालून वाकवला होता. तो खिळा झिजून अर्धा झाला होता आणि नट बोल्टाच्या शेवटच्या दोन आट्यांवर येऊन थांबला होता. खाली पलंग, पलंगावर काकूंचा नातू झोपायचा.

हा लेख त्या कामाच्या अनुषंगाने लिहितो आहे. पंखा लावणं अवघड नाही. जुना पंखा उतरवून त्याच जागी नवा लावायला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे परवानाधारक कंत्राटदारही लागत नाही. नवा पॉइंट काढायचा, वायरिंग वाढवायचं, तर मात्र परवानाधारक माणूसच हवा. पण या सोप्या कामातला खरा भाग वाटीच्या आत झाकला जातो आणि एकदा झाकला की दहा-दहा वर्षं कोणी बघत नाही. म्हणून बाकीचं थोडक्यात आणि वाटीआतलं सविस्तर सांगतो.

पंखा वजनाने पडत नाही

घरातला ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरचा पंखा साधारण चार ते सहा किलोचा असतो. स्लॅबमध्ये ओतलेल्या १२ मिलिमीटरच्या लोखंडी हुकाला एवढं वजन म्हणजे काहीच नाही. मग पंखे पडतात कसे?

छताच्या पंख्याची मोटर उलटी असते. पाण्याच्या पंपात बाहेरची बॉडी स्थिर असते आणि आतला शाफ्ट फिरतो. पंख्यात शाफ्ट स्थिर राहतो आणि बाहेरची बॉडी पात्यांसकट फिरते. हा स्थिर शाफ्ट दांड्याला जोडलेला असतो आणि दांडा हुकाला. बॉडी एका दिशेला फिरते तेव्हा शाफ्टला, म्हणजे दांड्यालाही, उलट्या दिशेने पीळ बसतो. पंखा चालू करताना, स्पीड बदलताना, दर वेळी हा पीळ कमीजास्त होतो, आणि सोबत पात्यांची बारीक थरथर चालूच असते. वर्षानुवर्षं हा झटका आणि ही थरथर खाऊन नट एकेक केस सैल होत जातो. वजन शेवटी फक्त उरलेलं काम करतं. नटाला सुटू न देणारी वस्तू म्हणजे ती दोन पायांची, दहा पैशांच्या नाण्याएवढी किंमत वाटणारी कॉटर पिन.

एका पंख्यात अशा दोन जागा असतात: दांड्याचं खालचं टोक शाफ्टला जोडणारा बोल्ट आणि वरचं टोक हुकाला जोडणारा बोल्ट. दोन्हींचे नट, दोन्हींच्या पिना. पुढचं सगळं वाचताना या दोन जागा डोक्यात ठेवा.

आधी हूक बघा, मग पंख्याचा खोका उघडा

काकूंचं घर सर्वात वरच्या मजल्यावर, इमारत तीसेक वर्षांची, पावसाळ्यात स्लॅब पाझरणारा. अशा घरात पहिला संशय हुकावर घ्यायचा. जुना पंखा उतरवल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हूक खरवडून बघितला. वरची गंजाची पापडी निघून आत चकचकीत लोखंड लागलं, हे चांगलं. पापडीवर पापडी सुटत राहिली आणि हुकाची जाडी स्पष्ट कमी झालेली दिसली, तर तो हूक बाद समजायचा. दुसरी खूण म्हणजे हुकाच्या खालच्या वळणावर पडलेली खाच. आधीच्या पंख्याला रबर नसेल आणि लोखंडावर लोखंड घासत असेल, तर तिथे घळ पडते. तिसरी खूण हुकाच्या मुळाशी: स्लॅबमधल्या ज्या डबीत हूक बसवलेला असतो त्या फॅन बॉक्सच्या कडेला काँक्रीटला तडा, सुटलेला गिलावा, ओल.

खात्री करायला मी एक साधी परीक्षा घेतो. हुकावरून जाड दोरी घालून तिला वीस लिटरचा पाण्याने भरलेला कॅन टांगायचा. म्हणजे वीस किलोहून थोडं जास्त वजन झालं, पंख्याच्या जवळजवळ चौपट. खाली जाड गादी टाकायची, खोलीचं दार बंद करायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी हूक तसूभरही खाली आलेला नसेल, नवा तडा दिसत नसेल, गिलाव्याची भुकटी गादीवर नसेल, तर हूक कामाचा. काकूंनी रात्री दोनदा उठून दार किलकिलं करून कॅन बघितला, असं त्यांनी नंतर सांगितलं. असो.

हूक बाद निघाला, किंवा मुळात हूकच नाही, तर त्या दिवशी पंखा लावायचा नाही. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून नवा हूक बसवता येतो, पण भोक सळईवर आदळलं का, काँक्रीट पोकळ आहे का, हे कळायला अनुभव लागतो. ते काम जाणकाराकडून करून घ्यावं. आणि पीओपीच्या किंवा जिप्समच्या खोट्या छताला पंखा कधीही टांगायचा नाही. खोट्या छतात फक्त भोक असतं. दांडा त्यातून वर जाऊन खऱ्या स्लॅबच्या हुकालाच पोचला पाहिजे. त्यासाठी लांब दांडा घ्यायचा.

दांडा किती लांब

दुकानात पंख्यासोबत बहुधा दहा-बारा इंचांचा दांडा मिळतो. तो चालेल का, हे दोन मापांवर ठरतं. पाती छतापासून निदान एक फूट खाली हवीत, नाहीतर पंख्याला वरून हवा ओढायला जागा मिळत नाही. आणि पंख्याचा सर्वात खालचा भाग जमिनीपासून निदान आठ फूट, म्हणजे २.४ मीटर उंच हवा, नाहीतर उंच माणसाचा वर केलेला हात पोचतो.

काकूंच्या खोलीची उंची साडेनऊ फूट, म्हणजे ११४ इंच. बारा इंची दांडा लावला की पाती छतापासून साधारण १५ इंचांवर येतात. म्हणजे जमिनीपासून ९९ इंच, सव्वाआठ फूट. मोटरचा तळ आणखी दोनेक इंच खाली येतो, तरी आठ फुटांच्या वरच राहतो. जमलं. काकूंच्या जावयाने मात्र "जरा खाली आला की वारा चांगला लागतो" म्हणून अठरा इंची दांडा आणायला सांगितलं होतं. तो लावला असता तर पाती पावणेआठ फुटांवर आली असती. तो परत पाठवला.

या हिशोबात आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ४८ इंची पंख्याची पाती हुकाच्या मध्यापासून दोन फूट पसरतात. त्या वर्तुळात माळ्याचं दार किंवा कपाटाचं वरचं झाकण उघडत असेल, तर एक दिवस धडक ठरलेली. दुमजली पलंग खोलीत असेल तर वरच्या फळीवर बसलेल्या मुलाच्या हाताचंही माप घ्या.

वीज बंद, म्हणजे खरंच बंद

स्विच बंद केला म्हणजे वीज गेली असं समजू नका. खोलीचा एमसीबी पाडायचा आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा. हे मी दोनदा सांगतो, कारण आपल्याकडे इन्व्हर्टरच्या लाइनवर सर्वात आधी पंखेच घेतलेले असतात. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानेइतबारे त्याच पंख्याला २३० व्होल्ट पाठवायला लागतो.

मग टेस्टर. आधी तो चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो ना ते बघा, मग छतातल्या वायरींना लावा, आणि परत एकदा चालू सॉकेटमध्ये बघा. बिघडलेला टेस्टर पेटत नाही आणि मेलेली वायरही टेस्टर पेटवत नाही. दोन्हींतला फरक असाच कळतो.

जुना पंखा उतरवताना आधी पाती काढा. मग वरची वाटी खाली सरकवून वायरी सोडवा. मग एकाने खालून मोटर दोन्ही हातांत धरायची आणि दुसऱ्याने बोल्ट काढायचा. टेबलावर स्टूल ठेवून हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातल्या एकाचा हात मोडलेलाही पाहिला आहे. दोन्ही बाजूंनी पाय असलेली घडीची शिडी भाड्याने मिळते.

छतातली कोणती वायर फेज

हुकाजवळ दोन वायरी येतात, नव्या घरांत तीन. तिसरी हिरवी, अर्थची. फेज बहुधा लाल, पिवळी किंवा निळी आणि न्यूट्रल काळी असते, पण जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवायचा नाही. पूर्वी ज्याच्या हाताला जी गुंडाळी लागली ती ओढली जायची.

ओळखायची सुरक्षित पद्धत अशी: वीज बंद असताना दोन्ही टोकं प्लॅस्टिकच्या कनेक्टर पट्टीच्या दोन वेगळ्या खणांत आवळा, म्हणजे उघडी तांब्याची टोकं हवेत लोंबणार नाहीत. शिडीवरून खाली या, एमसीबी चालू करा, पंख्याचा स्विच चालू, रेग्युलेटर फुल. वर जाऊन टेस्टरचं टोक कनेक्टरच्या एकेका स्क्रूला लावा. एकावर पेटेल, ती फेज. आता खालच्या माणसाने पंख्याचा स्विच बंद करायचा. दिवा विझला पाहिजे. विझला नाही, तसाच ठळक पेटत राहिला, तर स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेला आहे. अशा घरात पंखा बंद असतानाही वाटीतली वायर जिवंत असते, आणि स्विच बंद करून पंखा पुसणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. ही चूक स्विचबोर्डातच दुरुस्त करून घ्यावी लागते. काही वेळा स्विच बंद असतानाही अगदी मिणमिणता उजेड दिसतो. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या वायरीमुळे असं होऊ शकतं. शंका आली तर मल्टिमीटरने बघा.

ओळख पटली की फेजच्या वायरीला लाल टेप गुंडाळा, एमसीबी आणि इन्व्हर्टर परत बंद करा, टेस्टरने परत तपासा, आणि मगच पुढचं काम.

जमिनीवरची जोडणी, आणि सगळे करतात ती चूक

आता पंखा खोक्यातून काढा आणि जमिनीवर चादर पसरून तिच्यावर जोडा. सगळं जोडून, नट आवळून, पंखा वर नेल्यावर लक्षात येतं की वाट्या दांड्यात घालायच्या राहिल्या. हे नवशिक्याचंच होतं असं नाही, माझंही झालं आहे. मग सगळं उलटं सोडवत बसा.

क्रम असा. मोटरच्या डोक्यावरून निघालेल्या वायरी बारीक सुतळी बांधून दांड्यातून वर ओढून घ्या. दांड्याच्या कडेला धार असेल तर आधी कानशीने मारा, कारण थरथरीत ती धार वायरीचं आवरण हळूहळू कापते. मग दांड्यात खालची वाटी घाला, तोंड खाली, मोटरकडे. तिच्यावर वरची वाटी, तोंड वर, छताकडे. दोन्ही वाट्यांचे स्क्रू थोडे आवळून ठेवा म्हणजे त्या घरंगळणार नाहीत.

आता दांडा शाफ्टवर बसवा. दांड्यातलं आरपार भोक आणि शाफ्टमधलं भोक एका रेषेत आणा, बोल्ट आरपार घाला, वायसर, नट, आणि पाना लावून घट्ट आवळा. काही पंख्यांत याशिवाय शाफ्टला टेकणारा एक छोटा स्क्रू बाजूने असतो, तोही आवळा. तो दांडा आणि शाफ्टमधला बारीक हलका खेळ मारतो. खेळ राहिला की दर वेळी पंखा सुरू होताना "कट्" असा एक आवाज येतो.

मग पिन. बोल्टाच्या टोकाला आडवं भोक असतं. नट पूर्ण आवळल्यावर हे भोक नटाच्या लगेच बाहेर दिसलं पाहिजे. भोक नटाच्या आत झाकलं गेलं, तर वायसर जास्त झाले आहेत, एक कमी करा. भोक नटापासून फार लांब राहिलं, तर मधे नटाला सरकायला मोकळी जागा आहे, एक वायसर वाढवा. पिन भोकातून पूर्ण घाला आणि तिचे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पक्कडीने वळवून बोल्टाला चिकटवा. एकच पाय वळवलेली पिन गळून पडू शकते. पिन हरवली तर हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीची आणा. तारेचा तुकडा, केसाची पिन, खिळा, काहीही चालणार नाही. कॉटर पिन मऊ पोलादाची असते, तुटण्याऐवजी वाकते. खिळा कडक असतो, तो तुटतो किंवा झिजतो. काकूंचा खिळा झिजला होता.

हुकावर: रबर, बोल्ट, पिन

दांड्याच्या वरच्या टोकाला शॅकल असतं, इंग्रजी यू अक्षरासारखं, दोन हात वर केलेलं. या दोन हातांच्या मध्ये रबराची रीळ बसते, दोऱ्याच्या रिळासारखीच, मधे खाच असलेली. रिळातून बोल्ट जातो. पंख्याचं सगळं वजन रिळाच्या खाचेतून हुकावर बसतं, आणि मोटरची थरथर रबरात जिरते. म्हणून रीळ नेहमी नवी वापरा, जुन्या पंख्याची नको. जुनं रबर कडक होऊन त्याला चिरा पडलेल्या असतात. आणि तिला तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर त्याने फुगतं आणि सडतं.

पंखा वर नेताना पाती लावलेली नसावीत. एकाने मोटर खालून धरून शिडीच्या अलीकडे उभं राहायचं, दुसऱ्याने वर. हुकाचं तोंड एका बाजूने उघडं असेल तर रीळ सरळ त्याच्या वळणात बसते. पण फॅन बॉक्समधली सळई बहुतेक वेळा दोन्ही टोकांनी स्लॅबमध्ये पुरलेली असते. अशा वेळी शॅकलचा बोल्ट आणि रीळ काढून, शॅकलचे दोन हात सळईच्या दोन्ही बाजूंना आणायचे, रीळ सळईच्या वर ठेवायची, आणि बोल्ट परत आरपार घालायचा. खालच्या माणसाचे हात दुखायला लागतात ते इथेच, कारण भोकं जुळवायला वेळ लागतो. घाई करू नका, आणि खालच्याने एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोन घेऊ नये. झालेलं आहे म्हणून सांगतो.

बोल्टावर वायसर, नट. इथे नट शॅकलच्या पट्टीला घट्ट टेकेल इतपत आवळायचा. रीळ चेपून तिचा आकार बिघडेल इतका नाही. रीळ चेपली तर थरथर जिरायची कुठे? मग पिन, दोन्ही पाय वळवून. काही पंख्यांसोबत पोलादी तारेची सुरक्षा दोरी येते. ती हुकातून स्वतंत्र फेरा घालून बांधायची, शॅकलच्या बोल्टावर नाही. तो बोल्ट सुटला तर दोरीचा उपयोग व्हावा, हाच तिचा हेतू.

आता मोटर हलकेच हलवा. थोडं झुलणं ठीक आहे, ते हवंच. कडकड, खटखट नको. हा सगळा भाग मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघून एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षी वाटी उघडाल तेव्हा पिन तशीच आहे का, हे फोटोशी जुळवता येतं.

वायरी जोडणं

साध्या पंख्याच्या मोटरमधून तीन टोकं निघतात: एक कॉमन, एक रनिंग, एक स्टार्टिंग. हल्लीच्या पंख्यांत कारखान्यातच कॅपॅसिटर लावून कनेक्टरवर फक्त दोन खण मोकळे ठेवलेले असतात. एकात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल, संपलं. पण जुना पंखा परत लावत असाल आणि तीन वायरी लोंबत असतील, तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. समजा आकडे १८०, २४० आणि ४२० आले. सर्वात मोठा आकडा, ४२०, ज्या दोन टोकांमध्ये आला ती रनिंग आणि स्टार्टिंग. उरलेलं तिसरं टोक कॉमन. कॉमनशी कमी आकडा, म्हणजे १८०, दाखवणारं टोक रनिंग. २४० दाखवणारं स्टार्टिंग. कॅपॅसिटर, बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा, रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये. वीज कॉमनला आणि रनिंगला. चुकून स्टार्टिंगला दिली तर पंखा उलटा फिरतो.

छतातली फेज आणि न्यूट्रल कनेक्टरला जोडताना आवरण साधारण ८ ते १० मिलिमीटर सोला. तार बारीक धाग्यांची असेल तर पीळ देऊन दुमडा. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. बोटांनी ओढल्यावर निघाली तर ती थरथरीनेही निघणार. तांब्याचा चकाकता भाग कनेक्टरच्या बाहेर दिसता कामा नये. हिरवी अर्थ आली असेल तर ती शॅकलवरच्या किंवा दांड्यावरच्या अर्थच्या स्क्रूला जोडा. अर्थ नसलेल्या जुन्या घरात निदान बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्यावा.

वायरीला चार-पाच इंचांचं ढिलं वळण ठेवा. पंखा झुलतो, वायर ताणलेली असेल तर ते झुलणं कनेक्टरच्या स्क्रूवर येतं. हे वळण हुकाला, शॅकलच्या कडेला किंवा वाटीच्या काठाला घासणार नाही असं बसवा.

बीएलडीसी पंखा घेतला असेल तर एक फरक. त्याचा स्पीड रिमोटने किंवा त्याच्या आतल्या सर्किटने बदलतो. भिंतीवरचा रेग्युलेटर मधे राहू देऊ नका, तो काढून साधा स्विच ठेवा, नाहीतर सर्किटला कापलेली वीज मिळते आणि ते लवकर जातं.

वाटी: किती वर, किती खाली

वरची वाटी सरकवून छतापर्यंत न्या, पण छताला टेकवू नका. तीन-चार मिलिमीटरची फट हवी. जाड पुठ्ठ्याचा तुकडा दुमडून काठावर ठेवला की माप आपोआप मिळतं. वाटी टेकली तर पंख्याला झुलायला जागा राहत नाही, ती छताशी घासून कुरकुरते आणि त्या रगडण्याने तिचा स्क्रू सैल होतो. एक दिवस वाटी दांड्यावरून सरकत खाली येते आणि खालच्या वाटीवर "ठण" करून आदळते. रात्री दोन वाजता.

खालची वाटी मोटरच्या बॉडीपासून दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा. बॉडी फिरते, वाटी स्थिर असते. टेकल्या तर घासतात. हाताने बॉडी फिरवून कान लावा. दोन्ही वाट्यांचे स्क्रू आवळा, पण पत्रा दबेल इतके नाही.

पाती आणि पहिली फिरकी

पाती लावण्याआधी वीज चालू करून मोटर मिनिटभर फिरवून बघा. खालून बघताना साधारणपणे ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. पाती लावल्यावर खूण अशी: फिरताना पात्याची जी कड पुढे जाते ती वर उचललेली असली पाहिजे, तरच हवा खाली फेकली जाते. मग वीज बंद करून पाती लावा. सगळे स्क्रू आधी हाताने बसवा, मग पूर्ण आवळा. तीन पाती एकाच खोक्यातली असावीत. कारखान्यात ती वजनाने जुळवलेली असतात.

काकूंचा पंखा सुरू केला तर पहिल्या मिनिटाला डोलायला लागला. घाबरायचं कारण नव्हतं. वीज बंद करून फुटपट्टीने प्रत्येक पात्याच्या टोकाचं छतापासून अंतर मोजलं. एकाच जागी पट्टी धरायची आणि हाताने पाती फिरवून तिन्ही त्या पट्टीखाली आणायची, म्हणजे छताचा उतार आड येत नाही. दोन पाती सारखी, तिसरं आठ मिलिमीटर खाली. ते सोडलं, तर पातं मोटरला धरणाऱ्या पट्टीखाली पॅकिंगच्या फोमचा चिमूटभर तुकडा अडकलेला. तो काढला, डोलणं संपलं. टोकांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक सहसा जाणवत नाही. पात्याची ही पट्टीच वाकलेली असेल तर हाताने सरळ करत बसू नका, दुकानातून पाती बदलून घ्या.

दहा दिवसांनी मी परत गेलो. पात्यांच्या सहा स्क्रूंपैकी दोघांनी पाव-पाव फेरा घेतला. नव्या पंख्यात हे होतंच, रंग आणि वायसर दबून बसतात. वाटी खाली करून फोटोशी जुळवलं: पिनेचे दोन्ही पाय जसे वळवले होते तसेच. वाटी वर सरकवली, पुठ्ठा घालून फट मोजली, स्क्रू आवळला. काकूंनी चहा ठेवला होता आणि जुना खिळा देवघराच्या फडताळात एका वाटीत. कशाला ठेवला, ते विचारलं नाही.